दोन गल्ले आणि साडेबाराचा डबा

बँकेत लागलो तवा मले दोनच गोष्टी येत होत्या, बेरीज अन् नकला. त्यातली बेरीज कधीमधी चुकत होती.

नकलेचा नाद शाळेतला. तळेगावले सहावीत असताना हेडमास्तरच्या आवाजात दाराआडून "जा रे, घरी जा सगळे" म्हणलं, तर अख्खा वर्ग दप्तर घेऊन पळाला. मार भेटला, पण गावात नाव झालं. पुढं परीक्षा देऊन क्लार्क-कम-कॅशियर झालो अन् सेवाग्रामकडच्या एका शाखेत रुजू झालो. दवाखान्यापासून चालत पाच मिनिटं. कोणत्या बँकेची शाखा ते नाई सांगत, पेन्शन तिथूनच यायची हाये.

मी गेलो तवा नव्वदचं दशक सरून राह्यलं होतं. त्याच्या आधी बँकेचा कारभार मोठा सुखाचा होता म्हणतात. साडेदहाले दार उघडलं की अडीचले बंद. मग आतून कडी, अन् सगळा स्टाफ स्टेशनरीच्या खोलीत डबे उघडून गोल बसे. मग वरून कागद आला की लोकाइसाठी बँक चारपर्यंत उघडी पाह्यजे. कागद मान्य करून भिंतीवर लावला. जेवण मात्र जागचं हाललं नाई. दीड ते दोन काउंटरवर पाटी लागे, "जेवणाची सुट्टी". म्हणजे वरच्या कागदावर लिहिलं होतं साडेदहा ते चार, अन् त्याच्या खालीच ही पाटी.

जेवणाचा तो अर्धा तास म्हणजे माझं थेटर. स्टूलावर भाकरी ठेवून मी एकेकाले काढत होतो. हेड कॅशियर काकाजी टोकन नंबर कसा पुकारतात ते माझं पेटंट होतं. तवा पैसे काढाले आलं की स्लिप द्यायची, पितळेचा बिल्ला घ्यायचा, अन् नंबर येईपर्यंत उभं राह्यचं. काकाजी नाकातून आवाज काढत, "एक्केचाळीऽऽऽस... कोन हाये एक्केचाळीस? झोपला का बे?" मी हे केलं की काकाजीच सगळ्यात जास्त हसत, ठसका लागेपर्यंत. ते रोज सगळ्यांसाठी जवसाची चटणी नाईतर ठेचा आणत. लेजरवरच्या ताई वांग्याची भाजी आणत. मी काही आणत नव्हतो, मी नकला आणत होतो.

दुसरी हिट नक्कल होती सिस्टरबाईची. दवाखान्यातली नर्स, उंच, पांढऱ्या साडीत, हातावर घड्याळ उलटं बांधलेलं. तिची सुट्टी एक ते पावणेदोन, पण सव्वाले वार्डातून सुटे, पंधरा-वीस लोकाइच्या मागं उभी राहे, अन् तिचा नंबर येईपर्यंत आमची पाटी लागे. ती काउंटरवर दोन बोटं वाजवे.

"काऊन जी, तुमच्या पोटाले भूक लागते, अन् आमच्या पोटात काय पासबुक टाकाव? मी बी जेवणाच्याच सुट्टीत येतो न! तुम्ही जेवले की मी उपाशी, मी जेवलो की तुम्ही बंद!"

हे मी ठेच्याच्या घासासकट करून दाखवत होतो, दोन बोटं डब्याच्या झाकणावर वाजवून. त्या दिवशी ताईचं हसणं मधीच थांबलं. काकाजीनं भाकरी खाली ठेवली. मी पाठीमागं पाह्यलं तर दारात मॅनेजर साहेब.

साहेब नाशिककडचे. नवेच आले होते. बोलणं पुस्तकातलं, अन् प्रत्येक वाक्याच्या आधी "असं बघा". बोट वर करून. साहेबांची ती नक्कल मी दहा मिनिटांआधीच केली होती, देवानं वाचवलं. वाचवलं का नाई, ते मले अजून मालूम नाई.

"असं बघा," साहेब म्हणाले, "ज्या बाईंची तुम्ही नक्कल करताय, त्या बाहेर तक्रारवही मागतायत."

साहेबांचं बोट माझ्याकडं वळलं.

"तुमचा प्रोबेशन या महिन्यानंतर संपतो ना? तुम्ही कायम व्हायचं की सहा महिने आणखी लटकायचं, याचा रिपोर्ट मी लिहिणार आहे. तुम्हाला इथल्या प्रत्येकाची चाल-ढाल पाठ आहे. तर आता प्रत्येकाचं जेवणाचं वेळापत्रक तुम्ही बनवा. महिनाअखेरीला काउंटर बंद दिसता कामा नये. आणि त्या बाईंनी वहीत लिहिलं, तर मीही लिहीन."

साहेब गेले. काकाजी म्हणाले, "झालं तुझं नाटक. आता तिकीट फाड."

मी मनावर घेतलं. घरी सांगून टाकलं होतं की नोकरी पक्की हाये, बहिणीच्या सासरी तर मले हाफ मॅनेजर समजत होते. चार दिवस मी टोकनाचं रजिस्टर काढून बसलो. कोणत्या तासाले किती बिल्ले गेले, ते पेन्सिलीनं मांडलं. साडेदहाले म्हातारे. बँकेचं शटर त्याइच्याच हातानं उघडावं अशी घाई. साडेअकराले दुकानदार भरणा घेऊन. बारा ते एक पंख्याचा आवाज ऐकू येई इतकी शांतता. अन् एक वाजला की दवाखाना सुटे, शाळा सुटे, अन् सगळे एकदम. दोननंतर पुन्हा ओसरे. महिन्याच्या शेवटच्या तारखेले पगार जमा झाला की हेच चित्र तिप्पट, अन् पहिल्या आठवड्यात त्यात पेन्शनवाले.

मी तक्ता केला. लाल पेन, निळं पेन, स्केचपेनचा हिरवा. काकाजी एक ते दीड जेवाले, त्यांच्या कॅबिनमधी तेवढा वेळ मी. दीडले काकाजी परत, मी जेवाले. ताई साडेबाराले, त्याइच्या लेजरवर तेवढा वेळ मी. माझं नाव इतक्या खान्यांत होतं की मलेच माझ्याबद्दल आदर वाटला.

काकाजीले दाखवला. त्याइनं चष्मा वर करून पाह्यला, खाली करून पाह्यला.

"चांगला हाये."

"काही चुकलं का काकाजी?"

"रंग चांगले हायेत," ते म्हणाले. "करून पाय."

मले तवाच समजाले पाह्यजे होतं.

महिन्याची शेवटची तारीख. एकचा ठोका पडला अन् काकाजी खुर्चीवरून उठले. हॉलमधी चाळीसेक माणसं. मी तक्त्याप्रमाणे ऐटीत कॅबिनमधी शिरलो अन् खुर्चीत बसाले लागलो.

"थांब," काकाजी म्हणाले. "मोज."

"काय?"

"गल्ला. हा माझ्या नावावर हाये सकाळपासून. एक रुपया कमी झाला तर माझा का तुझा? मोज, लिह्य, सही कर. मंग बस."

खरंच होतं. ट्रेनिंगमधी शिकवलं होतं, मीच पेपरात लिहिलं होतं, अन् तक्ता करताना साफ विसरलो होतो. एका कॅशियरच्या पेटीवर दुसरा असाच नाई बसत. शंभराची बंडलं, पन्नासची, दहाच्या मळक्या नोटा, पाचच्या, नाणी. मी मोजून राह्यलो, काकाजी हाताची घडी घालून उभे. अन् चाळीस माणसं जाळीतून आमच्याकडं पाहून राह्यली, जणू आम्ही दोघं घरचं भांडण काढून बसलो.

मागून कोणी म्हणे, "अबे हे आपल्याच पैशाची मजा घेऊन राह्यले."

एकदा मोजलं, दहा रुपयांचा फरक आला. पुन्हा मोजलं, फरक गेला. रजिस्टरात नोटांप्रमाणे लिहून दोघांनी सह्या केल्या तवा एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. काकाजी जेवाले गेले. मी तीन टोकनांचे पैसे दिले. काकाजी तोंड पुसत आले. पुन्हा मोजणी. आता मी उभा, ते मोजून राह्यले. अन् ते माझ्यासारखे घाईत नव्हते, प्रत्येक नोट अशी उलटून पाहत जशी काही तिची सोयरीक जमवाची हाये.

रांगेत अकराव्या नंबरवर सिस्टरबाई. तिनं उलटं घड्याळ पाह्यलं, पावणेदोन. मग दोन बोटं वाजवली.

"वही द्या जी."

मी वही दिली. तिनं पेन काढला, तारीख टाकली, "मी" लिहिलं, अन् पुन्हा घड्याळ पाह्यलं.

"मरू द्या. ड्युटी हाये माही." पेन पर्समधी टाकला. "तक्रार लिहाले बी टाईम भेटत नाई तुमच्या बँकेत. उद्या येतो, तवा लिहितो. मोठी लिहितो."

अन् गेली. वहीत राह्यली तारीख अन् एक "मी".

संध्याकाळी काकाजी पेटी बंद करून राह्यले होते. मी जवळ जाऊन उभा राह्यलो.

"तुमाले मालूम होतं."

"होतं."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"तू विचारलं कुठं? तू रंग दाखवून राह्यला होता." मग खुर्ची सरकवून म्हणाले, "बस. पेटी जागची हालवाची नसते बे. मानसं हालवाची. ती पलीकडची कॅबिन काय हाये?"

पलीकडं दुसऱ्या कॅशियरची कॅबिन होती. मी आलो तवापासून तिच्यात जुने लेजर, मोडका पंखा अन् आमचे रिकामे डबे राहत.

"तू क्लार्क-कम-कॅशियर. त्यातला कॅशियर कुठं गेला? ते कबाड काढ. सकाळी माझ्याकडून तुझ्या नावावर वेगळी कॅश घे, सही करून. तुझी पेटी तुझी, माझी माझी. जो उठला त्यानं आपल्या पेटीले कुलूप लावाव अन् चाबी घेऊन जाव. मोजायचं काम नाई."

"मंग जेवाव कवा?"

"तुझ्याच आकड्यानं सांग. पंखा कवा ऐकू येते?"

"बारा ते एक."

"मी साडेबाराले जेवतो. तू सव्वादोनले जेव. एक ते दोन दोघंबी गल्ल्यावर."

मी आनंदानं उडालो. मग उतरलो.

"म्हणजे आपण सोबत नाई जेवणार?"

काकाजीनं पेटीचं कुलूप ओढून पाह्यलं. "साडेबाराले भूक कोनाले लागते बे," एवढंच पुटपुटले.

ताई मागून ऐकून राह्यल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन गल्ले उघडले तरी काय उपयोग? पास कोण करणार?"

तो दुसरा खड्डा. स्लिपवरची सही लेजरशी पाहून पैसे द्याची परवानगी ऑफिसर देत होते, त्याले आम्ही पास करणं म्हणत होतो. आमचे ऑफिसर जेवाले लुनावर बोरगाव मेघेले घरी जात. सव्वाले गेलेले अडीचले उगवत. लुना पंक्चर झाली, असं सांगत. एका लुनाले इतकी पंक्चरं मी जन्मात पाह्यली नाई. ते नसले की स्लिपा त्याइच्या टेबलावर गठ्ठ्यानं पडून राहत, अन् लोक समजत की कॅशियर झोपला. त्याइले विचारलं तर म्हणाले, "मी अडीच वाजता जाईन बाबा, पण घरी सांगाले तू चल." ते जमलं. पण गर्दीच्या तासात एका हातानं पास करून भागत नव्हतं, दोन गल्ल्याइले दोन पाह्यजे होते. अन् सही कराची पॉवर असलेला शाखेत आणखी एकच माणूस होता. तो दीड वाजता केबिनचं दार लोटून डबा खाई, अन् मग दहा मिनिटं डोळे मिटून "विचार" करे.

त्याच संध्याकाळी मी नवा तक्ता घेऊन साहेबांसमोर उभा राह्यलो. एकाच पेनानं लिहिलेला.

साहेबांनी वाचला. बोट एका खान्यावर थांबलं.

"असं बघा. इथे 'एक ते दोन, पासिंग' पुढे माझं पद लिहिलंय."

"हो सर."

"मग मी जेवायचं कधी?"

"साडेबारा किंवा अडीच सर. तुमच्या मर्जीनं."

"आणि हे मी मान्य करेन असं तुम्हाला का वाटलं? मी काय म्हणेन असं वाटतं तुम्हाला?"

आता हे साहेबांनी विचाराले नव्हतं पाह्यजे. माझी जीभ माझ्या आधी बोलते. बोट आपोआप वर गेलं, मान थोडी वाकडी झाली, अन् नाशिकचा आवाज निघाला:

"असं बघा, महिनाअखेरीला काउंटर बंद दिसता कामा नये. मग ते काउंटर माझं असो की शिपायाचं."

केबिनमधी कूलरचं पाणी ठिबकताना ऐकू येऊन राह्यलं. मले वाटलं, गेलो. सहा महिने नाई, सहा वर्ष.

साहेबांनी तक्त्यावर सही केली. तोंडावरची सुरकुतीबी हालली नाई.

"बोट मी इतकं वर करत नाही," ते म्हणाले. "जा."

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख. शिपायानं अन् मी सकाळीच कबाड काढलं होतं. काकाजी अन् ऑफिसर यांनी आपापल्या चाबीनं तिजोरी उघडली, मी माझ्या नावावर कॅश घेतली, सही केली. पेन्शनवाले म्हातारे नवी खिडकी पाहून पहिले घाबरले. एक जण विचारे, "इथले पैसे असलीच हायेत न?" साडेबाराले काकाजी पेटीले कुलूप लावून उठले. ताई म्हणाल्या, ते डबा घेऊन स्टेशनरीच्या खोलीत गेले अन् सात मिनिटांत परत आले.

एक वाजता दवाखाना सुटला. हॉल भरला. अन् साहेब केबिनमधून निघाले, खुर्ची आपल्या हातानं ओढत आणली अन् ताईच्या बाजूले बसले. स्लिप आली की सही, स्लिप आली की सही. काकाजीनं नाकातून पुकारलं, "बावीऽऽस!" मी इकडून माझ्या आवाजात पुकारलं, "तेवीस!" पण माझा आवाज कोणता ते त्या दिवशी मलेच नव्हतं सापडून राह्यलं, थोडा हेडमास्तरसारखा निघाला.

सिस्टरबाई एक सतराले आत आली. मी घड्याळ पाहूनच होतो. एक एकोणतीसले तिचा नंबर माझ्याच खिडकीत लागला. पैसे दिले. तिनं मोजले, पर्समधी टाकले, उलटं घड्याळ पाह्यलं. पुन्हा पाह्यलं, कानाले लावलं.

"चालू हाये जी," मी म्हणलं.

"बारा मिनिटं?" ती म्हणाली. मग खिडकीसमोरून हालली, हॉलमधी इकडं-तिकडं पाह्यलं, अन् परत आली. दोन बोटं वाजवली.

"वही द्या."

मी वहीवर हात ठेवला. "सिस्टर, आता काऊन?"

"काल म्हणलं होतं न, उद्या लिहितो. द्या."

तिनं कालच्या "मी"च्या पुढं लिहाले सुरुवात केली. दहा मिनिटं लिहिलं. उभ्यानं. साहेब तिकडून पाहून राह्यले होते, सही करता-करता. तिनं वही दिली, "येतो जी" म्हणाली, अन् गेली.

चारले साहेबांनी मले बोलावलं. वही समोर.

"मी काय म्हटलं होतं?"

"त्यांनी लिहिलं तर तुम्ही लिहाल."

"वाचा."

मी वाचलं. बाईचं अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं की मी गेलं एक वर्ष या बँकेत येऊन राह्यली हाये अन् इथं बसाले बाक नाई. आजपर्यंत उभ्यानंच टाईम सरे म्हणून ध्यानात आलं नाई. आज पहिल्यांदा टाईम उरला तर बसाव कुठं? दोन बाक ठेवावे. खिडकीतल्या पोट्ट्यानं माझ्याकडं पाहून घाबराची गरज नाई.

मी "पोट्ट्यानं" हा शब्द साहेबांसमोर वाचला तवा ते खोकल्यासारखं काहीतरी करून राह्यले होते. मग त्याइनं पेन उचलला. वहीत शेरा लिहिला, "दोन बाकांची मागणी केली आहे." मग ड्रॉवरमधून दुसरा कागद काढला, माझा रिपोर्ट, अन् माझ्यासमोर काही लिहिलं नाई. "जा, तुमची कॅश जुळवा."

पंधरा दिवसांनी कायम झाल्याचं पत्र आलं. बाक आले तीन महिन्यांनी. त्यातला एक आल्यापासूनच हालत होता.

शाखेत सगळे मले म्हणत, वाचला तू. वाचलोच. पण सव्वादोनले डबा घेऊन स्टेशनरीच्या खोलीत गेलो की तिथं मी, रबरस्टॅम्पचा डबा अन् पावती पुस्तकाइचे गठ्ठे. नक्कल कोणाची कराची, कोणासाठी? पहिल्या दिवशी डबा मोकळा करून बसलो तर स्टूलावर एक वाटी दिसली, वरून झाकलेली. काकाजीनं साडेबाराले आपल्या वाटणीतला ठेचा काढून ठेवला होता. बाजूले एक कांदा, मुठीनं फोडलेला.

मी पहिला घास घेतला. भिंतीपलीकडून आवाज आला, हॉलमधून. सव्वादोनले गर्दी नसते, इतक्या मोठ्यानं पुकाराचं काही काम नव्हतं.

"सत्तेचाळीऽऽऽऽऽस... कोन हाये सत्तेचाळीस? झोपला का बे? का जेवून राह्यला?"

इतकं लांबवून काकाजी आयुष्यात पुकारत नव्हते. ते माझी नक्कल करून राह्यले होते, मी त्याइची करतो ती. अन् माझ्यापेक्षा चांगली. मले तोंडातल्या ठेच्यासकट ठसका लागला, अन् पाणी ठेवलं होतं बाहेर, फिल्टरजवळ.